पत्र्यातून वर आलेले ते लोखंडी मशरूम करतात तरी काय?

रविवारी रामबागेत काकांकडे पोहे खायला गेले होते, तर प्लेट हातात द्यायच्या आधीच काकांनी विषय काढला. विजय नगरकडे एक मोठी कमर्शियल बिल्डिंग उभी राहतेय, सगळा सांगाडा लोखंडाचा, आणि जाता-येता ते गाडी थांबवून बघतात. म्हणाले, "अगं, तुम्ही इंजिनिअर लोक आता पत्र्यावर स्लॅब टाकायला लागलात का? शटरिंग नाही, बल्ल्या नाहीत, नुसती नालीदार चद्दर अंथरलीय, आणि तिच्यातून ते मशरूमसारखे खिळे वर आलेत रांगेत. हे काय सरिया जोडायचे राहिलेत की काय?"

मी सांगायला लागले तर मधेच वर माळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हणजे हे आपलं गर्डर-फर्शीच झालं की! खाली लोखंड, वर दगड. तिकडे दगडाऐवजी सिमेंट. यात नवीन काय?"

खरं सांगू, याहून चांगला प्रश्न मला कॉलेजातही कुणी विचारला नव्हता, कारण दिसायला दोन्ही अगदी सारखंच आहे, आणि फरक आहे तो सगळा त्या मशरूममधे.

आधी काय काय असतं ते बघू

लोखंडी बिल्डिंगमधे कॉलमपासून कॉलमपर्यंत आय आकाराचे बीम जातात, म्हणजे ज्याला आपण इंदूरात सरळ गर्डर म्हणतो ते. त्यांच्यावर आडवी नालीदार गॅल्व्हनाइज्ड चद्दर अंथरतात, साधारण एक मिलिमीटर जाडीची, तिला डेक म्हणतात. डेकवर जाळी टाकून काँक्रीट ओततात. चद्दर नंतर काढायची नसते, ती तिथेच राहते, आणि तिच्यावर जे बारीक बारीक ठसे उठवलेले असतात त्यांच्यामुळे ती काँक्रीटला धरून ठेवते आणि खालच्या सरियाचं काम करते. हे झालं एका बीमपासून दुसऱ्या बीमपर्यंतच्या दोन-तीन मीटरचं.

मशरूमचं काम वेगळं आहे. त्यांना शिअर स्टड म्हणतात. बहुतेक वेळा १९ मिलिमीटर जाड आणि १०० मिलिमीटर उंच, वर टोपी. चद्दरेतून आरपार खालच्या गर्डरला वेल्ड केलेले असतात, आणि काँक्रीट ओतलं की त्यात गाडले जातात. म्हणजे गर्डर आणि स्लॅब एकमेकांना शिवले जातात. अशा शिवलेल्या जोडीला कंपोझिट बीम म्हणायचं. बस, एवढेच शब्द लक्षात ठेवा.

दोन फळ्या आणि घरासमोरची नाली

पावसाळ्यात घरासमोरच्या नालीवर आपण फळी टाकतो ना, ती पाय दिला की वाकते. मग कुणीतरी तशीच दुसरी फळी तिच्यावर ठेवतं. आता वाकणं अर्धं होतं, कारण दोघी आपापलं ओझं वाटून घेतात. पण नीट बघितलं तर फळ्यांच्या टोकांशी एक गंमत दिसते: पाय दिला की दोन्ही फळ्यांच्या कडा थोड्या मागेपुढे होतात. वरच्या फळीची खालची बाजू लांबायला बघते, खालच्या फळीची वरची बाजू आखडायला बघते, दोघी एकमेकींवरून सरकतात.

आता त्याच दोन फळ्या फेव्हिकॉलने चिकटवा किंवा जवळजवळ स्क्रू मारा, की सरकणं बंद. आणि सरकणं बंद झालं की ती दुप्पट जाडीची एकच फळी झाली. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीला आठपट. लाकूड तेवढंच, सुट्या फळ्या एका फळीच्या दुप्पट ताठ, चिकटवलेल्या आठपट. मधला चौपटीचा फरक नुसत्या न सरकण्याचा आहे.

काकांच्या माळ्यावरची फर्शी म्हणजे सुटी फळी. ती गर्डरवर नुसती बसलीय. गर्डर वाकला तर ती त्याच्याबरोबर खाली जाते, पण त्याला मदत काही करत नाही, उलट स्वतःचं वजन टाकते.

आता खरा बीम घेऊ, आकड्यांसकट

समजा ८ मीटरचा गाळा, म्हणजे बीमच्या एका आधारापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, दर ३ मीटरवर एक बीम, बीम आयएसएमबी ३५०, म्हणजे ३५ सेंटिमीटर उंचीचा, मीटरला सुमारे ५२ किलो. त्यावर ५० मिलिमीटर उंच नाल्यांची चद्दर आणि नाल्यांच्या वर ७५ मिलिमीटर एम-३० काँक्रीट.

ताठपणा मोजायला एक आकडा असतो, सेंटिमीटरच्या चौथ्या घातात येतो, त्याचं एकक विसरा, नुसती तुलना बघा. नुसत्या गर्डरचा आकडा १३,६३०. वरच्या काँक्रीटचा हिशोब करताना ते लोखंडापेक्षा साधारण आठपट मऊ आहे असं धरून त्याची रुंदी आठने भागतात, आणि सगळी ३ मीटर रुंदी कामाला येत नाही म्हणून गाळ्याच्या पाव भागाएवढी, २ मीटर, धरतात. असं करून काँक्रीटच्या पट्टीचा स्वतःचा आकडा येतो फक्त ८७९.

स्टड नाहीत, स्लॅब नुसता बसलाय, तर बेरीज करा: १४,५०९. म्हणजे नुसत्या गर्डरपेक्षा सहा टक्के जास्त. हे झालं गर्डर-फर्शी.

स्टड लावून पूर्ण बांधून टाकलं तर आकडा येतो ४८,४०० च्या आसपास. साडेतीनपट!

हे जास्तीचे सुमारे ३४,००० आले कुठून, लोखंड तर तेवढंच आहे? तर ते आले अंतरातून. गर्डरचा मध्य आणि काँक्रीटच्या पट्टीचा मध्य यांच्यात २६ सेंटिमीटर अंतर आहे. एकदा दोघं बांधले गेले की वाकताना काँक्रीट वरून दाबलं जातं आणि गर्डर खालून ताणला जातो, दोघांची जोडी रवीच्या दोरीसारखी उलटसुलट ओढते, आणि त्यांच्यात जेवढं अंतर तेवढा हात लांब, शिवाय हे अंतर वर्गाने मोजलं जातं. हिशोब केला तर एकूण ताठपणात गर्डरचा स्वतःचा वाटा २८ टक्के, काँक्रीटचा स्वतःचा जेमतेम २ टक्के, आणि अंतराचा ७० टक्के. हे ७० टक्के फक्त स्टडमुळे मिळतात, ते काढले तर तो वाटा शून्य.

आणि एक छान योगायोग होतो. या बीममधे ताण आणि दाब यांची सीमारेषा गर्डरच्या वरच्या कडेच्या साधारण दोन सेंटिमीटर वर, चद्दरेच्या नाल्यांमधे येते. म्हणजे अख्खा गर्डर ताणात, नाल्यांच्या वरचं अख्खं काँक्रीट दाबात. लोखंड ताण छान घेतं, काँक्रीट दाब छान घेतं, ज्याला जे जमतं तेच काम त्याच्या वाट्याला.

वाकण्यात बोलायचं तर, दर चौरस मीटरला ४०० किलो वापराचं ओझं धरलं की नुसता गर्डर मधोमध २३ मिलिमीटर खाली येतो, नुसता बसलेला स्लॅब धरला तर २२, आणि शिवलेला बीम साडेसहा. मात्र ताकद, म्हणजे मोडायच्या आधी किती ओझं घेईल ते, एवढं वाढत नाही, पावणेदोन ते दोनपट वाढतं. साडेतीनपट ही ताठपणाची गोष्ट आहे, हे लोक हमखास गोंधळतात.

"पण सिमेंट लोखंडाला चिकटतंच की!"

हे काका म्हणाले, आणि चिकटतं हे खरंच आहे, नवीन नवीन असताना. पण इथे मधे गुळगुळीत जस्ताची चद्दर आहे, काँक्रीट सुकताना आखडतं, वर लोक चालतात, मशिनं थरथरतात, आणि तो चिकटपणा एकदा सुटला की सुटला, परत धरत नाही. त्यावर हिशोब ठेवता येत नाही.

शिवाय ओढाताण केवढी असते ते बघा. या बीमचं सगळं लोखंड कामाला लावायचं तर गाळ्याच्या मध्यापासून टोकापर्यंतच्या ४ मीटरमधे स्लॅब आणि गर्डर यांच्यात आडवा जोर येतो साधारण १५० टन. वरून खाली नाही, आडवा, सरकवणारा. तो मध्यावर शून्य असतो आणि टोकाकडे वाढत जातो, अगदी फळ्यांच्या कडा टोकांशी सरकतात तसाच.

आणि स्टडला टोपी का? कारण स्लॅबला नुसतं सरकायचं नसतं, वर उचललंही जायचं असतं. दांडी सरकणं अडवते, टोपी उचलणं अडवते. टोपी नसती तर काँक्रीट हळूहळू दांडीवरून वर निसटलं असतं, बाटलीच्या बुचासारखं.

जाता जाता: हे स्टड मुळात बिल्डिंगसाठी निघालेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजांच्या लोखंडावर लाकडी डेक बसवायला ही झटपट वेल्डिंगची पद्धत निघाली, पूल आणि बिल्डिंगवाल्यांनी ती नंतर उचलली.

किती स्टड? अर्धेच लावले तर?

एक १९ मिलिमीटरचा स्टड अशा चद्दरेत साधारण ६ टन आडवा जोर घेतो. मग १५० टनांना अर्ध्या गाळ्यात २५ स्टड लागले, पूर्ण बीमला ५०. पण इथे चद्दर आडवी येते. स्टड फक्त नालीच्या खोलगट भागात मारता येतो, कारण तिथेच चद्दर गर्डरला टेकलेली असते. नाल्या ३०० मिलिमीटरवर असतील तर ४ मीटरमधे मिळतात १३ जागा. प्रत्येकी एक स्टड मारला तर १३, म्हणजे जोर घेता येतो ७८ टन, हवा त्याच्या निम्मा. एका जागी दोन मारता येतात, पण शेजारी शेजारी मारले की दोघांखालचं काँक्रीट एकच असतं, त्यामुळे प्रत्येकाची ताकद कमी धरावी लागते.

आता वाटेल की निम्मे स्टड म्हणजे निम्मा फायदा. तसं नाही. अमेरिकन स्टील कोडच्या कॉमेंटरीत यासाठी एक साधं सूत्र आहे: हव्या त्या जोरापैकी जेवढा जोर स्टड घेऊ शकतात त्या प्रमाणाचं वर्गमूळ काढा, आणि ताठपणातली वाढ तेवढ्याने गुणा. निम्म्याचं वर्गमूळ ०.७१. म्हणून आपल्या बीमला अर्ध्या गाळ्यात १३च स्टड असूनही आकडा येतो ३८,००० च्या वर, म्हणजे नुसत्या गर्डरच्या २.८ पट, आणि वाकणं साधारण ८ मिलिमीटर. पहिले स्टड सगळ्यात जास्त कमाई करून देतात, नंतरचे कमी कमी.

पैशात बघा. पूर्ण बीमचे २६ स्टड मिळून वजन ७ किलोच्या आसपास. तेवढ्यावर हा ३५० चा बीम ताठपणात आयएसएमबी ४५० ला मागे टाकतो, आणि ४५० चं वजन मीटरला ७२ किलो. म्हणजे ७ किलो स्टडनी एका बीममागे १६० किलो लोखंड वाचवलं, वर १० सेंटिमीटर उंचीही वाचली, जिथून एसीचे डक्ट जातात.

मग १३ चे ४ का नाही? कारण स्टड कमी असतील तर प्रत्येकाला जास्त सरकावं लागतं, आणि स्टड काही मिलिमीटर वाकून सहन करतो, त्यापुढे तुटतो. टोकाचा पहिला तुटला की त्याचं ओझं शेजाऱ्यावर, मग तो, असं चेन उघडल्यासारखं आत आत जातं. म्हणून युरोपीय कोड हव्या त्या जोराच्या ४० टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही. आपल्याकडे कंपोझिट बांधकामाचा वेगळा कोड आहे, आयएस ११३८४, तो २०२२ मधे नव्याने आला.

ओलं काँक्रीट म्हणजे नुसतं ओझं

ही गोष्ट साइटवर फार लोक विसरतात. काँक्रीट ओतलं त्या दिवशी ते ताक आहे, ताठपणा शून्य. स्टड उभे आहेत, पण धरायला काही नाही. त्या दिवशी गर्डर एकटा, १३,६३० वाला, आणि त्यावर ओल्या स्लॅबचं चौरस मीटरला सुमारे २६० किलो. आपल्या बीमला त्यात १६ मिलिमीटर झोल येतो. काँक्रीट घट्ट झालं की तो झोल तसाच गोठतो, साडेतीनपट ताठपणा त्यानंतरच्या ओझ्यासाठी आहे, आधीच्या झोलासाठी नाही.

त्यात अजून एक लबाडी. मधे झोल आला की मिस्त्री वरची पातळी एकसारखी करायला मधे जास्त काँक्रीट भरतो, त्या वजनाने अजून झोल, अजून काँक्रीट. म्हणून एकतर खालून टेकू देतात, किंवा गर्डर कारखान्यातच थोडा वर कमानीसारखा वाकवून आणतात, आणि पंपाच्या पाइपखाली काँक्रीटचा ढीग होऊ देत नाहीत, कारण ढिगाखालची चद्दर गर्डरच्या आधी बसते.

आणि काही वर्षांनी? दाबाखाली काँक्रीट हळूहळू दबत जातं, जणू अजून मऊ झालं, आठपटीऐवजी सोळापट मऊ धरून हिशोब केला तर ४८,४०० चे ४१,००० होतात. तरी तिप्पट आहेच.

स्टड लागलाय की नुसता उभा आहे, कसं ओळखायचं

स्टड साध्या रॉडने वेल्ड करत नाहीत. एक मोठी गन असते, स्टड तिच्यात धरायचा, खाली सिरॅमिकची बांगडी ठेवायची, ट्रिगर दाबला की एक सेकंदाच्या आसपास हजार-दीड हजार अँपिअरच्या वर करंट जातो, स्टडचं टोक, चद्दर आणि गर्डरचा माथा तिन्ही वितळतात आणि गन स्टडला त्यात दाबून बसवते. बांगडी फोडली की बुडाशी वितळलेल्या लोखंडाची गोल कडी दिसली पाहिजे, पूर्ण गोल, कुठे तुटलेली नाही.

मी नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका साइटवर ही कडी एका बाजूला गायब दिसत होती, एका स्टडची नाही, ओळीने. फॅब्रिकेटरने गर्डरच्या माथ्यावरही रेड ऑक्साइड मारला होता, ड्रॉइंगवर 'माथा कोरा ठेवा' असं लिहिलेलं असून. वर रात्री पाऊस झाला होता, चद्दर आणि गर्डरच्या मधे पाणी. रंग आणि पाणी दोन्हीची वाफ होते आणि वेल्डमधे भोकं पडतात. सुपरवायझर म्हणे, मॅडम दिसायला तर मजबूत आहे. मी हातोडी मागवली.

चाचणी अगदी गावठी आहे. आधी हलकंच ठोकायचं: चांगला स्टड 'ठण्ण' वाजतो, कच्चा 'ठप्प'. ज्याची कडी अपुरी त्याला हातोडीने उभ्यापासून १५ अंश वाकवायचा, कडी नसलेल्या बाजूच्या उलट दिशेला, म्हणजे कच्च्या बाजूवर ताण येतो. वेल्डमधे चीर गेली नाही तर स्टड पास, आणि त्याला तसाच वाकडा राहू द्यायचा, सरळ करायचा नाही, कारण परत सरळ करताना तो उगाच दुखावतो. त्या दिवशी पहिल्या पाचातले तीन बुडातून उपटून हातात आले. मग त्या बीमवरची चद्दर कापून, माथा घासून कोरा केला, वाळवला आणि स्टड नव्याने मारले, चार दिवस गेले. स्लॅब भरल्यावर हे कळलं असतं तर? कळलंच नसतं! वरून सगळं सारखंच दिसतं, आणि आत सहा टक्क्यांवाला बीम.

तेव्हा चद्दरेवर वाकडे स्टड दिसले तर घाबरू नका, ते तपासलेले आहेत. एकही वाकडा दिसला नाही तर विचारा.

बाल्कनीत ही जादू चालत नाही

पुढे निघालेल्या बाल्कनीत सगळं उलटं होतं, ताण वर येतो आणि दाब खाली. वर काँक्रीट आहे, ते ताणात चिरतं, चिरलेलं काँक्रीट ताठपणात मोजत नाहीत. मग तिथे गर्डर आणि वरचा सरिया एवढेच उरतात, म्हणून बाल्कनीचा गर्डर बरेचदा आतल्यापेक्षा जड दिसतो. बीम आधारावरून सलग पुढच्या गाळ्यात जातो तिथेही आधाराजवळ हेच.

काकांच्या गर्डरला स्टड लावले तर?

दुसरी प्लेट पोहे आणि शेव येईपर्यंत काकांना हे सगळं पटलं होतं, आणि प्रश्न आलाच: मग आपल्या माळ्याच्या गर्डरलाही लावून टाक ना पन्नास खिळे.

फर्शीला स्टड लावून उपयोग नाही. फर्श्या सुट्या सुट्या आहेत, दर दोन फुटांवर सांधा, दाब एका फर्शीतून दुसरीत जायला मधे चुन्याची फट. फर्शी काढून वर नवीन काँक्रीट ओतायचं आणि त्याला गर्डरशी शिवायचं, असं करतात, जुन्या इमारतींत होतं हे. पण गर्डर जुना, त्याचं लोखंड वेल्डिंग घेईल की नाही ते आधी तुकडा काढून तपासावं लागतं, नाहीतर माथ्याला भोकं पाडून बोल्ट टाकावे लागतात. आणि त्याआधी खालून टेकू देऊन गर्डरवरचं ओझं उचलून घ्यायचं, कारण ओझ्याखाली वाकलेल्या गर्डरला शिवलं तर आत्ताचा झोल आणि आत्ताचा ताण दोन्ही आहेत तसेच त्यात राहतात, स्टड फक्त पुढे येणाऱ्या ओझ्याला मदत करतील.

काकांनी वर बघितलं, मग माळ्यावरच्या ट्रंकांचा हिशोब केला, आणि म्हणाले, "ट्रंका खाली आणलेल्या स्वस्त पडतील." बरोबर आहे, त्या तीन ट्रंका माझ्या अंदाजाने दोनशे किलोच्या आहेत, पुढच्या रविवारी उतरवायच्या ठरल्यात.